कुलमुखत्यारपत्रातली वेलांटी: कोणती चूक दुरुस्त करायची, कोणती सोडून द्यायची आणि कशी

कुलमुखत्यारपत्र किंवा प्रतिज्ञापत्र परत येतं तेव्हा शेरा बहुधा एकच असतो: ‘नाव जुळत नाही.’ आपण घाईघाईने टंकलेखकाकडे जातो, तो वेलांटी बदलून देतो, आणि पुढच्या टेबलावर तोच कागद दुसऱ्या कारणाने अडतो. घरच्या जमिनीचे कागद करताना हा सगळा फेरा मी पाहिला आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. कायदेशीर कागदात दोन प्रकारचा मजकूर असतो आणि त्या दोन्हींचं ‘बरोबर’ वेगळं असतं. नाव कसं लिहायचं हे व्याकरण ठरवत नाही, मूळ अभिलेख ठरवतो. बाकीच्या वाक्यांमध्ये मात्र व्याकरण चालतं, आणि तिथे एखादा अनुस्वार अधिकाराचा अर्थ बदलू शकतो.

हे सगळं महाराष्ट्रातल्या कागदांबद्दल आहे. एक काल्पनिक उदाहरण शेवटपर्यंत सोबत घेऊ. सुनीताताईंचं लग्न होऊन आडनाव जाधव झालं. वडिलांच्या पश्चात दोन गटांच्या ७/१२ वर त्यांचं माहेरचं नाव लागलं आहे. मोजणी आणि वाटणीच्या कामासाठी त्या दोन्ही भावांना कुलमुखत्यारपत्र देणार आहेत.

## १. आधी हे कागद समोर ठेवा

- ताजा ७/१२ उतारा, आणि नाव ज्या फेरफाराने लागलं त्या फेरफाराची प्रत
- लिहून देणार आणि लिहून घेणार, सगळ्यांची आधार कार्डं व पॅन कार्डं
- शाळा सोडल्याचा दाखला. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत
- आधीचा कोणताही दस्त असेल तर तो आणि त्याची सूची क्रमांक २
- मसुद्याची साध्या कागदावरची प्रत, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून छापलेली

मसुदा साध्या कागदावर हवा, मुद्रांकावर नको. ऑक्टोबर २०२४ पासून प्रतिज्ञापत्राला शंभराऐवजी पाचशेचा मुद्रांक आहे (सरकारी दाखल्यांसाठी द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना सूट आहे, ती आधी विचारून घ्या). पाचशेच्या कागदावर ‘पाटिल’ छापून आलं की माणूस ‘चालेल हो’ म्हणायला लागतो. सही होण्याआधीच मुद्रांक असा खराब झाला, तर सहा महिन्यांच्या आत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे परताव्याचा अर्ज करता येतो. एकदा सही झाली की मात्र परतावा काही ठरावीक कारणांसाठीच मिळतो.

## २. नावांचा तक्ता करा

मसुदा वाचायला घेण्याआधी प्रत्येक कागदावर नाव कसं आहे ते हाताने उतरवून काढा. अक्षर न् अक्षर, वेलांटी न् वेलांटी. आपल्या उदाहरणात असं दिसतं:

- ७/१२ उतारा: सुनिता दत्तात्रय पाटील
- शाळेचा दाखला: सुनिता दत्तात्रेय पाटिल
- आधार: सुनीता राजेंद्र जाधव
- कुलमुखत्यारपत्राचा मसुदा: सुनिता दत्तात्रय पाटिल

शुद्धलेखनाच्या नियमाने पाहिलं तर ‘सुनीता’ला दुसरी वेलांटी आणि ‘दत्तात्रेय’ला मात्रा हवी. त्या हिशेबाने ७/१२ वरचं नाव दोन ठिकाणी अशुद्ध आहे. तरीही जमिनीच्या बाबतीत तेच नाव खरं धरायचं, कारण मोजणीचा अर्ज पाहणारा माणूस ७/१२ शेजारी ठेवूनच पाहतो. मसुद्यातलं ‘पाटिल’ मात्र बदलायचं. ७/१२ वर ‘पाटील’ आहे म्हणून.

हा घोळ येतो कुठून? बराचसा इंग्रजीतून. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो. आधारवर किंवा एखाद्या ऑनलाइन अर्जावर नाव आधी इंग्रजीत भरलं जातं आणि त्यावरून संगणक मराठी नाव सुचवतो. ऑपरेटरने ते तसंच पुढे ढकललं की ‘पाटिल’ तयार. त्यामुळे सगळ्या कागदांवर एकच मराठी नाव सापडण्याची आशा धरू नका. कागदांमधला फरक मसुद्यातच उघड लिहून टाका:

> सौ. सुनीता राजेंद्र जाधव, माहेरचे नाव सुनिता दत्तात्रय पाटील (७/१२ उताऱ्यावर याच नावाने नोंद), वय … वर्षे, राहणार …

आधार तपासणाऱ्याला पहिलं नाव जुळतं, तलाठ्याला कंसाआधीचं. पुढे प्रत्येक पानावर दोन्ही नावं लिहायची गरज नाही, ‘लिहून देणार’ एवढं पुरतं.

इथे बरेच जण ‘ऊर्फ’ घालून मोकळे होतात. ऊर्फ हे खरोखर दोन नावांनी ओळखल्या जाणाऱ्या माणसासाठी आहे, जसं ‘बाळासाहेब ऊर्फ शंकर’. वेलांटीच्या फरकाला ‘सुनिता ऊर्फ सुनीता’ लिहिलं तर ती आणखी दोन नावं होऊन बसतात, आणि पुढचा प्रत्येक जण दोन्हींचा पुरावा मागतो.

गावाच्या नावालाही हाच नियम. मौजे म्हणून जे ७/१२ वर आहे तेच, ‘बु॥’ किंवा ‘खु॥’सकट. बुद्रुक गळलं तर ती शुद्धलेखनाची चूक राहत नाही, गावच बदलतं.

## ३. नावाला प्रत्यय लावू नका

हा छोटासा भाग आहे, पण पुढचा बराच त्रास वाचवतो. मराठीत प्रत्यय लागला की शब्दाचं रूप बदलतं. ‘पाटील’चं ‘पाटलांनी’ होतं, वेलांटी गायब. म्हणून जुने कारकून ‘सुनिता पाटील यांनी’, ‘सुनिता पाटील यांस’ असं लिहीत. नाव जसंच्या तसं राहतं आणि प्रत्यय ‘यां’ला लागतो. ‘मौजे’ शब्दाचा उपयोगही तोच: ‘मौजे अमुक येथील’ लिहिलं की गावाच्या नावाला हात लागत नाही. तुमच्या मसुद्यात ‘सुनिताने’, ‘पाटलांचे’ असं काही असेल तर ते काढा. संगणकावर नाव शोधायलाही मग सोपं जातं.

## ४. मजकुरातल्या मात्रा: कुठे थांबायचं, कुठे सोडायचं

आता मसुदा वाचा. मनातल्या मनात वाचलं तर डोळा चूक आपोआप भरून काढतो, म्हणून मोठ्याने वाचा. दुसऱ्या कोणाला तरी मूळ कागद धरून समोर बसवा.

बऱ्याच चुका निरुपद्रवी असतात. चतुःसीमेत ‘पुर्वेस’ लिहिलंय, ‘पूर्वेस’ हवं होतं. ‘मान्य राहिल’चं ‘राहील’ हवं. ‘नांव’, ‘गांव’, ‘कांही’ यांच्यावर जुना अनुस्वार आहे. १९६२ च्या नियमांनी तो गेला, पण टंकलेखकांच्या जुन्या नमुन्यांतून तो अजून येतो. साध्या कागदावर असताना हे सगळं सुधारा. सही-शिक्का झालेल्या कागदात अशा चुकीसाठी मात्र काहीही करू नका. त्याने ना हक्क बदलतो ना माणूस, आणि खाडाखोड तेवढी नजरेत भरते.

थांबायचं ते एकवचन-अनेकवचनाशी. मराठीत अनेकदा ते एका अनुस्वारावर उभं असतं. आपल्या मसुद्यातलं हे कलम बघा:

> वरील मिळकती बाबत मोजणीचा अर्ज करणे, सही करणे, वाटपपत्र करणे इत्यादी कामे मुखत्याराने करावीत. त्याने केलेले काम मला मान्य राहिल.

‘राहिल’ सोडा. ‘मिळकती बाबत’ असं तोडून लिहिलं आहे. ‘मिळकतीबाबत’ म्हणजे एक मिळकत आणि ‘मिळकतींबाबत’ म्हणजे अनेक. तोडल्यामुळे आणि अनुस्वार नसल्यामुळे दोन्ही गट आले की एकच, हे सांगता येत नाही. ‘मुखत्याराने’ एकवचनी आहे, मुखत्यार मात्र दोन भाऊ. मग एकाची सही चालेल की दोघांची लागेल? आणि ‘त्याने’ म्हणजे नक्की कोणत्या भावाने?

इथे अनुस्वार टाकून मोकळं होऊ नका. झेरॉक्समध्ये एक टिंब पुसट होणं अगदी सोपं असतं. ज्या गोष्टीवर अधिकार अवलंबून आहे ती टिंबावर टांगून न ठेवता शब्दांत लिहा:

> परिशिष्टात वर्णन केलेल्या गट क्र. ११२ व गट क्र. ११८ या दोन्ही मिळकतींबाबत मोजणीचा अर्ज करणे, त्यावर सही करणे व वाटपपत्र करणे ही कामे दोन्ही मुखत्यारांनी एकत्रितपणे अथवा त्यांपैकी कोणीही एकाने स्वतंत्रपणे करावीत. अशा रीतीने केलेले काम लिहून देणार यांना मान्य राहील.

‘एकत्रितपणे अथवा स्वतंत्रपणे’ हे हवं की नको ते तुमचं तुम्ही ठरवा; दोघांच्या सह्या एकत्र हव्या असतील तर तसं लिहा. पण काहीतरी एक लिहा. ‘इत्यादी’ मी काढला, कारण कुलमुखत्यारपत्र वाचणारा अधिकारी शब्दांत दिलेल्याच अधिकारांकडे बघतो.

‘मी’ आणि ‘आम्ही’ची सरमिसळही तपासा. एका बहिणीच्या कागदावरून दोन बहिणींचा कागद केला की ‘देत आहे’चं ‘देत आहोत’ करायचं कुठेतरी हमखास राहतं. आकडे अक्षरांत असतील तर ‘सात’ आणि ‘साठ’ नीट पाहा.

## ५. संगणकावरच्या दोन खोड्या

मसुदा जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदलला असेल, किंवा पीडीएफमधून उचलून चिकटवला असेल, तर पहिली वेलांटी, रफार आणि ‘ऱ्या’ ही तीन ठिकाणं खास बघा. वेलांटी शेजारच्या अक्षरावर सरकते, ‘कऱ्हाड’चं ‘कर्हाड’ होतं. असा मजकूर दुरुस्त करत बसण्यापेक्षा नावं आणि मिळकतीचं वर्णन हाताने पुन्हा टाइप केलेलं बरं.

दुसरी खोडी ‘सगळीकडे बदला’ या बटणाची. वरच्या मसुद्यात ‘सुनिता’चं ‘सुनीता’ एकदम सगळीकडे केलंत तर ७/१२ वरून उतरवलेलं नावही बदलेल, आणि नेमकं जे जुळायला हवं होतं तेच जुळणार नाही. शोधा, पण बदल एकेक करा.

## ६. सही झाली आहे, पण कागद अजून नोंदवलेला नाही

इथे हाताने दुरुस्ती चालते, पण तिची रीत आहे. चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे खालचा शब्द वाचता येईल. वर किंवा समासात बरोबर शब्द लिहायचा. शेजारी सगळ्या लिहून देणाऱ्यांनी सही किंवा आद्याक्षरं करायची. व्हाइटनर अजिबात नको. ‘पाटिल’मधली पहिली वेलांटी पेनाने गिरवून दुसरी करायचा मोहही आवरा, गिरवलेलं अक्षर संशयास्पदच दिसतं. अख्खा शब्द खोडा, अख्खा लिहा.

नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम २० प्रमाणे ओळींमधलं लिखाण, कोरी जागा, खाडाखोड किंवा फेरबदल यांवर लिहून देणाऱ्याची सही किंवा आद्याक्षरं नसतील, तर दुय्यम निबंधक दस्त घ्यायला नकार देऊ शकतात. एका पानावर अशा दोनपेक्षा जास्त दुरुस्त्या झाल्या तर मी ते पानच नवीन छापून पुन्हा सह्या घेईन. पण सही न घेता गुपचूप पान बदलणं म्हणजे दस्तात केलेला फेरफार. तो कितीही निर्मळ हेतूने केला तरी दस्ताचा जीव जातो.

सहीबद्दल एक सूचना. ताईंची सवयीची सही ‘सुनिता’ अशी असेल तर तीच राहू द्या. सही शुद्धलेखनासाठी बदलायची नसते. सहीखाली छापलेलं नाव मात्र मसुद्याच्या सुरुवातीला आहे तसंच हवं.

नोंदणीच्या दिवशी आणखी एक जागा तपासायची असते. दस्ताची माहिती संगणकात वेगळी भरली जाते आणि सूची क्रमांक २ त्या माहितीवरून तयार होते. दस्तात ‘पाटील’ असूनही सूचीत ‘पाटिल’ येतं ते यामुळे. अंगठा लावण्याआधी पडद्यावरची किंवा छापील नोंद मागून वाचा. मागे रांग कुरकुरते, कुरकुरू द्या. नंतर लक्षात आलं आणि दस्त बरोबर असेल, तर ती नोंदीतली चूक आहे; दस्ताची प्रत जोडून त्याच कार्यालयात लेखी अर्ज द्या.

## ७. प्रतिज्ञापत्र असेल तर

प्रतिज्ञापत्राचं गणित थोडं निराळं आहे. ते शपथेवर केलेलं कथन असतं. शपथ घेण्याआधी दुरुस्ती केली असेल तर तिच्याशेजारी प्रतिज्ञापत्र करणाऱ्याबरोबर शपथ देणाऱ्या अधिकाऱ्याची किंवा नोटरीचीही आद्याक्षरं हवीत. शपथ झाल्यावर, शिक्का बसल्यावर, तुम्ही एक शब्दही बदललात तर तो बदललेला मजकूर तुम्ही कधी शपथेवर सांगितलेलाच नसतो. म्हणून शिक्क्यानंतर अर्थाची किंवा नावाची चूक सापडली की नवीन प्रतिज्ञापत्र करा. न्यायालयात दाखल झालेलं असेल तर जुनं काढून घ्यायला जाऊ नका; अमुक परिच्छेदात अमुक चूक झाली होती असं सांगणारं जादा प्रतिज्ञापत्र वकिलामार्फत दाखल होतं.

नावातल्या फरकासाठी ‘एकच व्यक्ती असल्याबाबत’ प्रतिज्ञापत्र करतात. त्यात ‘विविध कागदपत्रांवर नावात फरक आहे’ असं मोघम लिहू नका. कागदाचं नाव, त्याचा क्रमांक आणि त्यावरचं जसंच्या तसं नाव, असं एकेक लिहा:

> माझे नाव गट क्र. ११२ व ११८ च्या ७/१२ उताऱ्यावर ‘सुनिता दत्तात्रय पाटील’ असे, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘सुनिता दत्तात्रेय पाटिल’ असे व आधार कार्डावर (शेवटचे चार अंक …) ‘सुनीता राजेंद्र जाधव’ असे नोंदलेले आहे. ही सर्व नावे माझीच आहेत.

छापून आल्यावर अवतरणातली नावं पुन्हा मूळ कागदाशी लावून बघा. टंकलेखक सवयीने तिन्ही ठिकाणी एकच वेलांटी देतो आणि प्रतिज्ञापत्राला काही अर्थच उरत नाही.

हे प्रतिज्ञापत्र नावांना जोडतं, अभिलेख दुरुस्त करत नाही. ७/१२ वरची लेखनाची चूक काढायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज लागतो. जोडायला ज्या फेरफारात नाव बरोबर होतं त्याची प्रत असली की काम हलतं. ‘सुनीता’ आणि ‘सुमन’ असा फरक असेल तर ती वेलांटीची गोष्ट नाही. तिथे राजपत्र किंवा दुसरा ठोस पुरावा लागेल.

## ८. कुलमुखत्यारपत्र नोंदवून झालं आहे

नोंदवलेल्या दस्तावर पेन चालत नाही. त्यासाठी चूक दुरुस्ती पत्र करतात, आणि मूळ दस्तावर ज्यांनी सह्या केल्या त्या सगळ्यांना पुन्हा यावं लागतं. मजकूर छोटा आणि नेमका ठेवा:

> दिनांक … रोजी दुय्यम निबंधक … यांच्या कार्यालयात दस्त क्र. … अन्वये नोंदविलेल्या कुलमुखत्यारपत्रात पान २, ओळ ७ मध्ये लिहून देणार यांचे माहेरचे नाव ‘सुनिता दत्तात्रय पाटिल’ असे टंकलिखित झाले आहे. ते ‘सुनिता दत्तात्रय पाटील’ असे वाचावे. मूळ दस्तातील अन्य सर्व मजकूर, अधिकार व मिळकतीचे वर्णन कायम आहे.

चूक पाच ठिकाणी असेल तर पाचही पानं-ओळी लिहा. एक राहिली की तीच कोणीतरी बोट ठेवून दाखवतो.

दुरुस्ती पत्रातून काय करता येत नाही, तेही ओळखा. नवा अधिकार घालणं, तिसरा गट जोडणं, एका भावाऐवजी दुसरा मुखत्यार करणं ही दुरुस्ती नव्हे. चौथ्या भागातल्या ‘मिळकती बाबत’सारखी चूक असेल, तर मी दुरुस्ती पत्राऐवजी जुनं रद्द करून नवं कुलमुखत्यारपत्र करण्याच्या बाजूचा आहे, कारण तिथे अधिकारच नव्याने सांगायचे असतात. अशा वेळी जुन्या पत्राखाली आधी झालेली कामं लिहून देणाऱ्याला मान्य आहेत, असं एक वाक्य नव्यात घाला. जुनं पत्र ज्या कार्यालयांत दिलं होतं तिथे रद्द केल्याचं लेखी कळवा.

लिहून देणार परदेशात असेल तर मसुद्याची तपासणी इथूनच दोनदा करून घ्या. तिकडे सही झालेला दस्त महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याला इथला मुद्रांक लावायचा असतो. त्यात वेलांटीसाठी कागद परत पाठवायचा म्हणजे वकिलातीची वेळ, टपाल आणि पुन्हा तोच सगळा खर्च. नाव, गाव, गट क्रमांक आणि सहीखालचं नाव, एवढ्या चार जागांचे फोटो ७/१२ च्या फोटोबरोबर पाठवा आणि तिकडून उत्तर आल्यावरच छापायला सांगा.

दुरुस्ती पत्र नोंदवून हातात आलं की ते मूळ कुलमुखत्यारपत्राबरोबरच ठेवा. झेरॉक्स आणि स्कॅन नेहमी दोन्हींचे एकत्र काढा, मूळ आधी आणि दुरुस्ती मागे, एकाच फायलीत. अर्जात दस्त क्रमांक लिहाल तिथे दोन्ही क्रमांक लिहा.